शब्दचर्चा: k, hmm, ok यांतून काय वाचायचं?

पिवळीजाई: प्रश्न शब्दांपुरताच आहे, लग्न मोडू का असं विचारत नाहीये. काल रात्री होणाऱ्या नवऱ्याला लिहिलं, ‘आईशी परत वाजलं, साखरपुड्याच्या यादीवरून. खूप रडले.’ उत्तर आलं, hmm. थोडा वेळ वाट पाहून ‘झोपते’ म्हटलं, तर k. एरवी तो okk लिहितो. तुम्ही या दोन्हींचा काय अर्थ लावाल?

भटक्या: k म्हणजे राग. ok मधला o टाइप करायचाही कंटाळा, म्हणजे माणूस वैतागलाय. यात चर्चा कसली?

अण्णा सातारकर: k म्हणजे हजार ना? प्लॉटवाल्या एजंटने मला ५०k लिहिलं होतं, मी पन्नास किलो समजलो.

भटक्या: अण्णा, इथे प्रेमाचा विषय चाललाय.

अण्णा सातारकर: मग आमच्या वेळी बरं होतं. पत्रात एका अक्षराचं उत्तर पाठवायला कोणी तिकीट लावलं नसतं.

ओसरी: भटक्या, तुमचं निम्मं बरोबर आहे. आधी k कशावर आलाय ते बघायचं. ‘सात वाजता झेड ब्रिजपाशी ये’ यावर k आला तर ती पोचपावती. तिथे निरोप पोचला एवढंच कळायला हवं असतं. ‘तुझी खूप आठवण येतेय’ यावर k आला तर मात्र टोचतो, कारण पोचपावती कोणी मागितलीच नव्हती. जाईच्या ‘झोपते’वर आलेला k मला पहिल्या जातीचा वाटतो. खरी गोम त्या hmm मध्ये आहे.

समोरासमोर बोलताना आपण दुसऱ्याचं चालू असतानाच ‘हं... हं’ करत राहतो, गोष्ट ऐकणारं पोर हुंकार देतं तसं. ऐकतोय, पुढे सांग, एवढाच त्याचा अर्थ. त्याने सांगणाऱ्याचं वाक्य तुटत नाही. चॅटमध्ये तोच हुंकार वेगळी ओळ होऊन येतो आणि उत्तराच्या जागी जाऊन बसतो. पाठवणारा समजतो, आपण बोलायला मोकळीक दिली. वाचणारीला वाटतं, एवढं रडून सांगितलं त्यावर हेच उत्तर. मग दोघंही एकमेकांची वाट बघत गप्प.

रेवा: आमचं हेच व्हायचं! मी श्टुटगार्टला, नवरा नाशकात. थंडीत आमच्यात साडेचार तासांचं अंतर. मी रात्री जेवून मन मोकळं करायला बसायचे तेव्हा त्याच्याकडे दीड वाजलेला. त्याच्या hmm ला मी थंडपणा समजत होते, तो अर्धा झोपेत असायचा. आता पेंग आली की तो ‘उद्या बोलू’ लिहितो. hmm पेक्षा ते शंभरदा बरं.

भटक्या: पण पूर्णविरामाचं काय? ok आणि ok. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ओसरी: आहे, पण तो वाचणाऱ्याच्या बाजूने. अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ च्या सुमारास यावर प्रयोग झाला. एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम दिसला की विद्यार्थ्यांना ते कमी मनापासूनचं वाटलं. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असताना तसा फरक पडला नाही. पाठवणाऱ्याच्या मनात काय होतं, हे त्यातून कळत नाही. बऱ्याच फोनवर स्पेस दोनदा दाबली की टिंब आपोआप पडतं. मोठ्या लिपीतला K सुद्धा बहुतेक वेळा कीबोर्डचीच करामत असते. त्यामुळे टिंबावरून भांडण काढू नये, असं माझं मत. तुलना करायची तर त्याच माणसाच्या रोजच्या लिहिण्याशी करावी. रोज k लिहिणाऱ्याच्या k ला काही वजन नसतं. okk वाला k वर आला तर काहीतरी बदललंय. काय, ते त्या अक्षरात सापडत नाही.

पिवळीजाई: टिंब नव्हतं. आत्ता जुनं चॅट वर सरकवून पाहिलं. hmm तो कशावरही लिहितो, ‘मेथी महागली’ यावरसुद्धा. म्हणजे ती सवय दिसतेय. पण सुटा k याआधी एकदाच सापडला, त्याच्या बाबांना दवाखान्यात नेलं होतं त्या संध्याकाळी.

भटक्या: म्हणजे राग नाही, टेन्शन. चला, k ची बढती झाली.

ओसरी: एका उदाहरणावर नियम बसवू नका. यादीवरून तुमच्या आईने त्यालाही फोन केला असेल आणि काय बोलावं ते सुचलं नसेल, असंही होऊ शकतं. किंवा खरंच रागावला असेल.

रेवा: जाई, त्यालाच विचार ना. ‘k का लिहिलंस’ असं नको, तो लगेच सफाई द्यायला लागेल. ‘काल काही झालं होतं का’ असं विचार.

पिवळीजाई: विचारते, पण संध्याकाळी. आत्ता तो गाडीवर आहे, k च येईल.