मदत हवी आहे: पेटी दोनदा स्कॅन झाली का हे शोधायला वेळ लागतो, लिनियर प्रोबिंग सोडून डबल हॅशिंग घेऊ की कुकू?

देवगडकर_पोरगा
आमच्या आंब्याच्या पॅकिंग शेडवर मी एक छोटा बोर्ड बसवलाय. स्कॅनर पेटीचा कोड वाचतो, बोर्ड मेमरी कार्डावरच्या फाईलमध्ये बघतो, आणि कोड आधी आलेला नसेल तर लिहून ठेवतो. फाईल म्हणजे हॅश टेबलच: ६५,५३६ खण, प्रत्येकी १६ बाइट, एकूण १ एमबी. सीझनअखेर साधारण ५९,००० पेट्या होतात, म्हणजे टेबल नव्वद टक्के भरणार.

कोड = बागायतदार क्रमांक × १,००,००० + पेटीचा अनुक्रमांक. खण काढतो असा:

```c
h = key % 65536;
```

तिथे कोणी असेल तर पुढचा खण. सध्या टेबल अर्धंही भरलेलं नाही, तरी ४ नंबर बागायतदाराचा टेम्पो आला की प्रत्येक बीपला अर्धा सेकंद जातो आणि हमाल माझ्याकडे बघतात. २ नंबरचा माल मात्र झरझर गेला होता. वाचलं की नव्वद टक्क्यांवर, नसलेली गोष्ट शोधायला लिनियरला सरासरी पन्नास खण बघावे लागतात, डबलला दहाच. मग बदलू ना?

बर्फवाला_मालवण
गाववाल्यानू, बोटींच्या बर्फाचा हिशेब मी आधी वहीत ठेवायचो, आता SQLite मध्ये ठेवतो. एक इंडेक्स लावला आणि विषय संपला. एवढा खटाटोप कशाला?

देवगडकर_पोरगा
दादा, बोर्डची मेमरी इतकी कमी की ते चालवायचं धाडस होत नाही.

सावंत_एस
कुकू लाव, डोळे मिटून. प्रत्येक कोडला दोनच जागा. टेबल कितीही भरलं तरी दोन ठिकाणी बघितलं की उत्तर.

जुना_खलाशी
सावंत, शोधण्यापुरतं बरोबर. पण एका जागी एकच खण ठेवलास तर टेबल निम्म्यावर गेलं की भरणंच अडतं. नवा जुन्याला उठवतो, तो तिसऱ्याला, आणि फिरून पुन्हा पहिल्यापाशी. मग नवे हॅश घेऊन सगळं टेबल परत मांडायचं. ५९,००० पेट्यांना म्हणजे याच्या दुप्पट फाईल.

देवगडकर, तुझं दुखणं वेगळंच आहे. १,००,००० ला ६५,५३६ ने भागून बाकी ३४,४६४. त्या हिशेबाने २ नंबरचा माल ३,३९२ च्या पुढून बसतो, ४ नंबरचा ६,७८४ च्या पुढून. २ नंबरच्या किती पेट्या आल्या होत्या?

देवगडकर_पोरगा
बरोबर ४,०००.

जुना_खलाशी
म्हणजे ७,३९२ पर्यंत खण गच्च. ४ नंबरची पहिली पेटी ६,७८५ ला जाते, ६०८ भरलेले खण ओलांडून ७,३९३ ला टेकते. दुसरी ६,७८६ ला जाते, तीही ६०८ ओलांडते. पुढची प्रत्येक तशीच, कारण रांग तिच्याबरोबर सरकत जाते. यात लिनियरचा दोष थोडा, `%` चा जास्त. आधी कोड घुसळून घे:

```c
uint32_t h = (key * 2654435769u) >> 16;
```

आणि कार्डावरून एकेक खण वाचतोस का?

देवगडकर_पोरगा
हो. १६ बाइट, मग परत १६.

जुना_खलाशी
मग तेही बदल. कार्ड ५१२ बाइटचा सेक्टरच देतं, त्यात तुझे ३२ खण येतात. सेक्टर एकदाच वाचून त्यातच पुढे बघ. आता तुझे पन्नास आणि दहा परत मोज: लिनियरचे पन्नास खण शेजारीशेजारी, म्हणजे दोन-तीन सेक्टर. डबलचे दहा खण दहा दिशांना, म्हणजे दहा सेक्टर. कार्डावर डबल घेतलंस तर महागात पडेल. सगळं टेबल मेमरीत असतं तर एवढा फरक नसता. (तिथेही डबल करणार असशील तर उडीचा आकडा विषम ठेव, नाहीतर ६५,५३६ पैकी निम्मे खण कधी दिसणारच नाहीत.)

सावंत_एस
मान्य. पण कुकूची एक जागा म्हणजे एक अख्खा सेक्टर धरला तर? ३२ खणांतला कुठलाही चालेल.

जुना_खलाशी
ते मात्र नव्वद टक्क्यांवरही आरामात बसेल, आणि कधीही दोनच सेक्टर वाचायचे. भीती लाईटची. पेटी उठवली, नव्या जागी लिहायच्या आत लाईट गेली, की ती पेटी कुठेच नाही. म्हणून आधी रिकामा खण मिळेपर्यंतची वाट शोधायची आणि शेवटच्या टोकापासून हलवत यायचं. तेव्हा वाईटात वाईट म्हणजे एक पेटी दोन ठिकाणी दिसेल, हरवणार नाही.

पण मुळात फाईल २ एमबी का करत नाहीस? पंचेचाळीस टक्क्यांवर हे सगळे वाद मिटतात.

देवगडकर_पोरगा
रोज रात्री फाईल ऑफिसला पाठवायची असते आणि शेडवर रेंजची एकच दांडी. १ एमबीलाच जीव जातो.

जुना_खलाशी
रिकामे खण कशाला पाठवतोस?

देवगडकर_पोरगा
तिकडचा प्रोग्राम दुसऱ्याने लिहिलाय, त्याला अख्खी फाईलच लागते. विचारून बघतो.

आज दोन्ही बदल केले. ४ नंबरचा टेम्पो परत आला, बीप लगेच. आता प्रश्न उरला रद्द केलेल्या पेट्यांचा: तिथे मी 'काढली' अशी खूण ठेवतो, खण रिकामा करत नाही. नव्वद टक्क्यांत त्याही धरायच्या का?

सावंत_एस
शोध त्यांच्यावर थांबत नाही, मग धरायलाच हव्यात. रद्द किती होतात?

देवगडकर_पोरगा
पावसाचा शिडकावा झाला की बऱ्याच. मोजलेल्या नाहीत.