क्लीनरच बॅटरी खात होता

"रॅम क्लीनर चालवला की फोन हलका वाटतो, मग बॅटरी दुपारीच का संपते?"

सिडकोतल्या आमच्या मामांचंही हेच. सेटिंग्जमध्ये बॅटरीचा वापर पाहिला, तर यादीत सगळ्यात वर तो क्लीनरच! तो मागची ॲप्स बंद करतो, ती थोड्या वेळात पुन्हा उठतात, आणि शून्यापासून उघडायला जास्त बॅटरी लागते. रॅम भरलेली असणं हा दोष नाहीच. गरज पडली की अँड्रॉइड ती स्वतः मोकळी करतं.

क्लीनर काढला. यादीत एक खरेदीचं ॲपही न उघडता चालत होतं. त्याच्या ॲप माहितीत जाऊन बॅटरीखाली 'रिस्ट्रिक्टेड' निवडलं. व्हॉट्सॲपला मात्र ते लावू नका, मेसेज उशिरा येतात. (मामांनी लावलं होतं, पंचवटीतल्या साखरपुड्याचा निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला!)