मदत हवी आहे: हळदीतून कर्क्युमिन, ग्रीन सॉल्व्हंट आणि पाच मिनिटांचं भाषण

मैत्रेयी_दादर

नमस्कार मंडळी. मी मुंबईत एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय ऑरगॅनिक. लवकरच एका आंतरमहाविद्यालयीन परिषदेत प्रोजेक्टवर पाच मिनिटं बोलायचंय, वर दोन मिनिटं प्रश्नोत्तरं. मराठीतून बोलायची मुभा आहे. भाषण लिहून काढलंय, पण त्यातला मुख्य दावा टिकेल का याची धाकधूक आहे.

काम असं: सांगलीची हळकुंडं आणून लॅबमध्येच दळली. बाजारातल्या पुडीत रंग मिसळलेला निघाला तर कलरिमेट्रीचे आकडे फुगतात, म्हणून ही काळजी. प्रत्येक वेळी १० ग्रॅम पावडर घेतली आणि तीन सॉल्व्हंट वापरले. एक, नेहमीचं डायक्लोरोमिथेन, म्हणजे डीसीएम, १५० मिली. दोन, इथेनॉल, १५० मिली. तीन, डीप युटेक्टिक सॉल्व्हंट, थोडक्यात डीईएस, म्हणजे कोलीन क्लोराइड आणि लॅक्टिक ॲसिड १:२ प्रमाणात, थोडं पाणी घालून पातळ केलेलं, ५० ग्रॅम. पहिल्या दोन्हींत सॉल्व्हंट रोटाव्हॅपवर काढून टाकलं. डीईएसमध्ये गाळल्यावर २०० मिली पाणी ओतलं, पिवळा साका खाली बसला, तो गाळून वाळवला. शेवटी सगळं इथेनॉलमध्ये विरघळवून ४२५ नॅनोमीटरला मोजलं.

आकडे: डीसीएममध्ये एकूण अर्क ०.९२ ग्रॅम, त्यात कर्क्युमिन ०.३१. इथेनॉलमध्ये अर्क १.३६, कर्क्युमिन ०.३३. डीईएसमध्ये कर्क्युमिन ०.२९. प्रत्येक प्रयोग तीनदा केलाय, हे सरासरीचे आकडे.

भाषणाचा गाभा सध्या असा आहे:

"डीसीएम विषारी आहे. इथेनॉल बरं आहे, पण ज्वलनशील आहे. डीईएसची वाफ होत नाही, ते पेट घेत नाही आणि त्याचे दोन्ही घटक निसर्गात सापडतात. यील्ड किंचित कमी असलं तरी तिन्हींत सर्वांत हरित सॉल्व्हंट डीईएसच आहे."

गाईड मॅडम म्हणाल्या, परीक्षक या शेवटच्या वाक्यावरच बोट ठेवतील. कशाच्या जोरावर ठेवतील, ते मला आधी कळायला हवं.

सौरभ_पी

मला तर वाक्य बरोबर वाटतंय. वाफच नाही म्हटल्यावर हवेत काही जात नाही, श्वासात काही जात नाही. आणखी एक, इथेनॉलचा अर्क १.३६ आणि डीसीएमचा ०.९२, म्हणजे इथेनॉलने जवळजवळ दीडपट काम केलं. हे ठळक सांग, स्लाइडवर बार ग्राफ छान दिसेल.

जुना_रिॲक्टर

मैत्रेयी, मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात बरीच वर्षं एक्स्ट्रॅक्शन प्लँटवर होतो. आधी सौरभच्या बार ग्राफबद्दल. इथेनॉलने जास्त माल ओढला हे खरं, पण कर्क्युमिन जास्त ओढलं नाही. जादा आलेल्या मालात साखर आणि इतर ध्रुवीय पदार्थ आहेत. तुझ्याच आकड्यांवरून डीसीएमचा अर्क ३४ टक्के शुद्ध, इथेनॉलचा २४ टक्के. म्हणजे इथेनॉलच्या बाजूला पुढे शुद्धीकरणाचं काम जास्त. हे तू स्वतःहून सांगितलंस तर परीक्षकाला खोदायला काही उरत नाही. आणि ०.३१ नि ०.३३ यांतला फरक तुझ्या तीन वाचनांच्या फैलावापेक्षा मोठा नसेल, तर "दोन्ही सारखेच" एवढंच म्हण.

आता मुख्य दावा. सॉल्व्हंट हरित आहे की नाही हे बाटलीवरचं लेबल वाचून ठरत नाही, माल बाहेर काढल्यावर त्या सॉल्व्हंटचं काय झालं यावर ठरतं. डीईएसची वाफ होत नाही हा त्याचा गुण, आणि अडचणही तीच. वाफ होत नाही म्हणून ते उडवून माल मागे ठेवता येत नाही. तुला पाणी ओतावं लागलं. ते २५० ग्रॅम आंबट पिवळं पाणी नंतर कुठे गेलं?

आणि रोटाव्हॅपवर डीसीएम नि इथेनॉल किती परत मिळालं, ते लिहिलं आहेस का?

वसईची_स्वाती

मध्येच विचारते, माफ करा. मी घरी हळदीचे साबण आणि लेप करून विकते. गिऱ्हाइकांना अल्कोहोल नको असतं. मैत्रेयीताई, ते डीईएस ग्लिसरीनसारखंच जाडसर असतं ना? मग नुसत्या ग्लिसरीनमध्ये हळद भिजवून ठेवली तर कर्क्युमिन उतरेल का? मी भिजवते तेव्हा रंग येतो, पण चार दिवसांत बरणीच्या तळाशी गाळ बसतो.

मैत्रेयी_दादर

@जुना_रिॲक्टर काका, नोंदी आहेत. डीसीएम १५० मिलीतून १०५ परत मिळालं. इथेनॉल १५० मिलीतून १३०. डीईएसचं पाणी न्यूट्रलाइझ करून ओतून दिलं, परत काही मिळवलं नाही.

डीसीएम एवढं कमी का आलं ते कळत नव्हतं. आमच्याकडे चिलर नाही, कंडेन्सरला नळाचंच पाणी लावलं होतं.

जुना_रिॲक्टर

कारण त्यातच आहे. डीसीएम साध्या दाबाला ४० अंशांना उकळतं. मुंबईत उन्हाळ्यात टाकीचं पाणी ३० च्या वर असतं, त्यात व्हॅक्यूम लावला की वाफ कंडेन्सरमध्ये थांबतच नाही, सरळ पंपातून बाहेर जाते. पंपाच्या एक्झॉस्टजवळ गोडसर वास येत असेल तर तो हाच. बर्फाच्या पाण्याची बादली आणि छोटा पंप लावला असता तर आकडा सुधारला असता. म्हणजे ही ४५ मिलीची तूट डीसीएमच्या माथी पूर्ण मारता येणार नाही, थोडी तुमच्या कंडेन्सरचीही आहे. भाषणात हे एका वाक्यात सांग.

आता हिशेब. एक ग्रॅम कर्क्युमिनमागे किती ग्रॅम सॉल्व्हंट कायमचं गेलं, एवढंच बघू.

डीसीएम: ४५ मिली म्हणजे साधारण ६० ग्रॅम. ०.३१ ने भागलं की १९० च्या आसपास.
इथेनॉल: २० मिली म्हणजे १६ ग्रॅम. ०.३३ ने भागलं की ४८.
डीईएस: ५० ग्रॅम पूर्ण गेलं. ०.२९ ने भागलं की १७०. पाणीही धरलंस तर २५० भागिले ०.२९, म्हणजे ८६०.

तुझ्याच वहीतल्या आकड्यांनी इथेनॉल पुढे आहे, आणि बरंच पुढे.

सौरभ_पी

पण पाणी कशाला धरायचं? शेल्डनने १९९२ मध्ये ई-फॅक्टर, म्हणजे मालामागे किती कचरा झाला याचं माप, मांडला तेव्हा पाणी वगळलंच होतं. पाणी वगळलं तर डीईएस डीसीएमपेक्षा बरंच ठरतं. शिवाय डीईएस परत मिळवता येतं, पाणी उडवून टाकायचं की झालं.

जुना_रिॲक्टर

पाणी वगळलं होतं हे बरोबर. "उडवून टाकायचं की झालं" हे मात्र तपासून बघ. २०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण ४५० किलोज्यूल लागतात. मैत्रेयीचं पूर्ण १५० मिली इथेनॉल उडवायला लागतात १०० किलोज्यूल. म्हणजे डीईएस वाचवायला साडेचारपट उष्णता. आणि हातात जे उरेल त्यात हळदीतली साखरही विरघळलेली असेल. लॅक्टिक ॲसिड आणि कोलीन क्लोराइड बराच वेळ गरम ठेवलं तर त्यांचं एस्टर व्हायला लागतं, मग दुसऱ्या फेरीला ते पहिल्यासारखं सॉल्व्हंट राहत नाही.

तोलून सांगायचं तर उष्णतेत डीसीएम इथेनॉलपेक्षा स्वस्त पडतं, तेवढ्याच मिलीला ६५ किलोज्यूलच्या आसपास. परीक्षक हे विचारू शकतात. उत्तर असं दे की डीसीएमला नकार आहे तो विषारीपणासाठी आणि हवेत निसटण्यासाठी, ऊर्जेसाठी नाही.

स्वातीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. ग्लिसरीन जाड असलं तरी डीईएस नव्हे. कर्क्युमिन ग्लिसरीनमध्ये फार कमी विरघळतं. तुम्हाला रंग दिसतो त्यात बारीक तरंगणारी हळदच जास्त, आणि तीच नंतर खाली बसते. साबणात तर आणखी एक अडचण, तो अल्कलाइन असतो. त्यात कर्क्युमिन आधी लालसर होतं आणि मग विघटन पावतं.

वसईची_स्वाती

म्हणून माझ्या वड्या कापताना लालसर दिसतात आणि नंतर तपकिरी होतात! मला वाटायचं हळदच जुनी आहे. लेपासाठी वेगळा धागा काढते.

अनघा_शिक्षिका

अशा परिषदांमध्ये परीक्षक म्हणून बसते, त्यामुळे भाषणाबद्दल सांगते. पाच मिनिटांत साडेपाचशे शब्दांच्या वर जाऊ नकोस. पर्यावरणावरची प्रस्तावना काढून टाक, ती आम्ही प्रत्येकाकडून ऐकतो. "१० ग्रॅम हळद, तीन सॉल्व्हंट" इथूनच सुरू कर. दुसरं, ४२५ ला तू जे मोजतेस ते एकटं कर्क्युमिन नाही, त्याची दोन भावंडंही तिथेच शोषतात. सगळीकडे "कर्क्युमिनॉइड" म्हण. एचपीएलसी केलं नाही तर नाही, पण शब्द अचूक हवा.

पाण्याबाबत मी जुना_रिॲक्टर यांच्याशी पूर्ण सहमत नाही. नळाचं स्वच्छ पाणी आणि डीसीएम एकाच तराजूत टाकून ८६० हा आकडा स्लाइडवर लावला तर दिशाभूल होते. दोन्ही आकडे शेजारी दाखव.

जुना_रिॲक्टर

ते पाणी आत येताना स्वच्छ होतं, जाताना त्यात लॅक्टिक ॲसिड आणि सेंद्रिय भार होता. प्लँटवर त्याचं बिल ईटीपीला लागतं. पण दोन्ही आकडे दाखवायला माझी हरकत नाही.

मैत्रेयी_दादर

नव्याने लिहिलेला गाभा देते:

"तिन्ही सॉल्व्हंटनी जवळपास सारखंच कर्क्युमिनॉइड दिलं. फरक पडला तो नंतर. एक ग्रॅम कर्क्युमिनॉइडमागे आम्ही डीसीएम १९० ग्रॅम गमावलं, इथेनॉल ४८ ग्रॅम आणि डीईएस १७० ग्रॅम. कर्क्युमिनॉइड वेगळं करायला ओतलेलं पाणी धरलं तर डीईएसचा आकडा ८६० होतो. डीसीएमची काही तूट आमच्या कंडेन्सरच्या कोमट पाण्यामुळे आहे. इथेनॉलचा अर्क मात्र कमी शुद्ध आहे, २४ टक्के. म्हणून आमच्या लॅबच्या परिस्थितीत आम्ही इथेनॉल निवडतो. डीईएसचा अर्क वेगळा न करता तसाच वापरता आला, तर हे गणित बदलेल."

शेवटचं वाक्य ठेवू का? सौरभचा मुद्दा मला पूर्ण सोडवत नाही.

सौरभ_पी

ठेव. माझं म्हणणं तेच होतं. त्वचेवर लावायच्या उत्पादनात डीईएससकट अर्क गेला तर पाणी ओतायची वेळच येत नाही.

अनघा_शिक्षिका

ठेव, पण "तसाच वापरता आला" म्हटलंस की पुढचा प्रश्न ठरलेला: एवढं आम्लधर्मी द्रव त्वचेला चालतं का? तुझ्याकडे पीएच मोजलेला आहे का?

मैत्रेयी_दादर

नाही मोजला. उद्या लॅब उघडली की मोजते.

जुना_रिॲक्टर

तिथे असशील तर परत मिळालेल्या इथेनॉलची घनताही बघून घे. दळलेल्या हळदीत दहा टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो, तो दर फेरीला इथेनॉलमध्ये उतरतो आणि साध्या डिस्टिलेशनने पूर्ण निघत नाही. पहिल्या फेरीला एखादा टक्काच, पण तेच इथेनॉल पुन्हा पुन्हा वापरलं की पाणी साचत जातं आणि कर्क्युमिनॉइड कमी उतरायला लागतं. "इथेनॉल किती वेळा फिरवता येईल" असं कोणी विचारलं, तर निदान एका फेरीचा आकडा तुझ्या हातात असू दे.