मदत हवी आहे : केटररने ताटांचा आकडा वाढवून लावला आहे, हिशेब कसा पडताळावा?

गंगापूरकर :
नमस्कार. गेल्या आठवड्यात गंगापूर रोडवरील एका हॉलमध्ये आमच्या मुलाची मुंज झाली. ४०० ताटांची ऑर्डर ३६० रुपये दराने दिली होती आणि ७०,००० रुपये अ‍ॅडव्हान्स भरला होता. कार्याच्या पाच दिवस आधी आकडा ३६० वर आणत असल्याचे व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले, त्यावर केटररने ‘ठीक आहे’ असे उत्तर दिले. आता मात्र ४१२ ताटांचे १,४८,३२० रुपयांचे बिल आले असून अ‍ॅडव्हान्स वजा जाता ७८,३२० रुपये मागितले आहेत. निघताना वाटलेल्या भेटीच्या पिशव्या ३७१ भरल्या. जेवण बुफे होते. नेमके किती द्यावेत?

सिन्नरकर :
लेखी ३६० ताटे ठरली आहेत, तेव्हा त्यांच्या पैशांहून एक रुपयाही जास्त देऊ नका.

पंचवटी_आचारी :
सिन्नरकर, निम्मे बरोबर आहे. ३६० हा किमान आकडा झाला. ३३० माणसे आली असती तरी तेवढेच पैसे द्यावे लागले असते, पण त्यावर जेवढी ताटे लागली तेवढी लागतातच. गंगापूरकर, पिशव्यांवर भिस्त ठेवू नका, कारण घरटी एकच पिशवी घेणारे बरेच असतात. आमच्या धंद्यात बुफेची मोजणी अशी होते : पंगत सुरू होण्यापूर्वी कोरी ताटे यजमानांच्या माणसासमोर मोजायची, शेवटी उरलेली मोजायची आणि वजाबाकीच्या चिठ्ठीवर दोघांनी सही करायची. ती चिठ्ठी मागा. त्यांचे वाढपी आणि भांडी घासणाऱ्या बायका त्याच ताटांत जेवल्या का, हेही विचारा. ती ताटे यजमानांच्या माथी येत नाहीत.

ओझरची_मीना :
आमचा साखरपुडाच रद्द झाला, तर अ‍ॅडव्हान्स परत मिळेल का?

पंचवटी_आचारी :
मीनाताई, तो प्रश्न वेगळा आहे, कृपया स्वतंत्र धागा काढा.

गंगापूरकर :
चिठ्ठी मिळाली. ४५० ताटे आणली आणि ३८ कोरी उरली, म्हणजे ४१२ बरोबर आहे. मात्र सही एकट्या त्यांच्याच माणसाची आहे. त्यांची १८ माणसे आमच्याच ताटांत जेवली, हे त्यांनी फोनवर मान्य केले.

पंचवटी_आचारी :
मग ३९४ ताटांचे १,४१,८४० होतात आणि ७१,८४० द्यायचे राहतात. ३७१ पिशव्यांच्या वरची २३ ताटे कदाचित दुसऱ्यांदा कोरे ताट घेणाऱ्यांची असतील. आम्ही ‘ताटागणिक’ की ‘माणसागणिक’ हे ऑर्डरच्या कागदावरच लिहून घेतो. तुमच्याकडे तसे लिहिलेले आहे का?

गंगापूरकर :
कागदावर फक्त ‘प्लेट ३६०/-’ एवढेच आहे. १८ ताटे वगळून सुधारित बिल पाठवतो म्हणाले आहेत, पण २३ ताटांबद्दल ते ‘प्लेट’ या शब्दावर अडून आहेत. नाशिकमध्ये हा वाद कोणी तडजोडीने मिटवला असेल तर कृपया सांगावे.