शब्दचर्चा: ‘स्थिर पदाचे विभाजक’ म्हणजे नेमके कोणते?

गंगापूररोडकर: भाचीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित समजावतोय. तिच्या वहीत वाक्य आहे, ‘स्थिर पदाचे विभाजक तपासून परिमेय आयगेनव्हॅल्यू काढा.’ शाळेत आपण विभाजक म्हटलं की धन संख्याच लिहायचो. इथे ऋणही धरायच्या का? आणि परिमेय म्हटल्यावर अपूर्णांक का तपासत नाहीत? मॅट्रिक्सच्या ओळी: (४, १, −१), (२, ५, −२), (१, १, २).

सातपूरवाला: विभाजक म्हणजे भाजकच ना? कुठल्याही आकड्याने भागून बघायचं. मी तर २ पासून सुरुवात केली असती.

पंचवटीचे मास्तर: नाही हो. १७ ला ५ ने भागलं तर ५ हा भाजक झाला, पण बाकी २ उरली, म्हणून तो विभाजक नाही. २ ने ४५ ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून इथे २ ला हात लावायचाच नाही.

हे ४५ कुठून आलं ते सांगतो. कर्णावरची बेरीज ४ + ५ + २ = ११. कर्णावरचे दोन-दोनचे निश्चयक १८, ९ आणि १२, त्यांची बेरीज ३९. पूर्ण निश्चयक ४५. म्हणून समीकरण

λ³ − ११λ² + ३९λ − ४५ = ०

आता ४५ पलीकडे न्या. डावीकडच्या तिन्ही पदांत λ आहे. λ पूर्णांक असेल तर डावी बाजू λ ने निःशेष भागली जाते, मग ४५ ही भागले गेलेच पाहिजेत. सगळी युक्ती एवढीच. ऋण संख्यांनीही पूर्ण भाग जातो, म्हणून त्याही यादीत येतात. मात्र या समीकरणात λ ऋण घातला की चारही पदं ऋण होतात, बेरीज शून्य होणं शक्यच नाही. म्हणून इथे अर्धी यादी न तपासताच बाद.

अपूर्णांकाचं असं की λ = p/q अतिसंक्षिप्त रूपात घातलं तर पहिल्या पदाचा छेद q³ होतो, बाकीच्यांचा फार तर q². तो q³ खोडायला कोणीच नाही. मॅट्रिक्समध्ये सगळे पूर्णांक असतील तर परिमेय उत्तर पूर्णांकच निघतं.

कॉलेजरोडची प्राजक्ता: मी सहाही घालून पाहिले. १ ला −१६ आलं, ३ आणि ५ ला शून्य, ९ ला १४४, पुढचे तर फारच मोठे. म्हणजे दोनच परिमेय आणि तिसरी अपरिमेय.

पंचवटीचे मास्तर: तपासणी बरोबर, निष्कर्ष चुकला. तिन्हींची बेरीज ११ यायला हवी, ३ आणि ५ गेल्यावर उरतात ३. म्हणजे ३ दोनदा आहे. विभाजक घालून पाहिल्यावर मूळ सापडतं, ते किती वेळा आहे हे कळत नाही. म्हणून पहिलं मूळ मिळालं की थांबून संश्लेषक भागाकार करावा. ३ ने भागल्यावर सहगुणक १, −८, १५ उरतात. λ² − ८λ + १५ चे अवयव (λ − ३)(λ − ५).

गंगापूररोडकर: भाचीच्या वहीत ३९ च्या जागी ३७ आहे. तिला एकही विभाजक लागू पडला नाही, म्हणून तिने ‘परिमेय आयगेनव्हॅल्यू नाहीत’ असं लिहून टाकलं.

पंचवटीचे मास्तर: मधला निश्चयक ८ − (−१), म्हणजे ९. तिने ७ धरला असणार. परीक्षेच्या गणितात एकही विभाजक बसला नाही तर आधी ही चिन्हं तपासावीत.

पण खरोखरच एकही न बसणारी समीकरणंही असतात. λ³ − ३λ + १ = ० मध्ये १ घातला तर −१ येतं, −१ घातला तर ३. मुळं तिन्ही वास्तव आहेत, परिमेय एकही नाही.

सातपूरवाला: मग माझी केस बघा. आमच्या मशीनच्या तीन अवस्था, चालू, मंद, बंद. एका पाळीतून दुसरीत जाण्याच्या शक्यता: (१/२, १/२, ०), (१/४, १/२, १/४), (०, १/२, १/२). निश्चयक शून्य आला. शून्याचे विभाजक किती काढू?

पंचवटीचे मास्तर: काढूच नका. स्थिर पद शून्य म्हणजे ० ही एक आयगेनव्हॅल्यू आयतीच मिळाली, λ सामाईक काढून पुढे चला. आणि अपूर्णांक आहेत म्हणून सगळी मॅट्रिक्स आधी ४ ने गुणा. λ³ − ६λ² + ८λ = ० येईल, उत्तरं ०, २, ४. मग ती ४ ने भागा: ०, १/२, १. ओळींची बेरीज १ असल्यामुळे १ येणारच होता.

प्राजक्ता: आणि स्थिर पद ७२० वगैरे आलं तर? तीस विभाजक, ऋण धरून साठ.

पंचवटीचे मास्तर: आधी १, −१, २, −२ बघा, पेपर काढणारे बहुधा तिथेच एक ठेवतात. नाहीतर दोन किमती घालून चिन्ह कुठे बदलतं ते पाहा आणि त्या टप्प्यातलेच विभाजक घ्या. दोन मुळं एकत्र असली तर मात्र चिन्ह बदलत नाही. तुमच्या ३ च्या दोन्ही बाजूंना करून बघा.

गंगापूररोडकर: म्हणजे वहीत ‘धन-ऋण विभाजक’ असं लिहावं का?

प्राजक्ता: आमच्या क्लासमध्ये ‘अवयव’ म्हणतात. तिथेही ऋण धरायचे की नाही, यावर दरवर्षी वाद होतो.