अनुभव धागा: म्हशीचा मुका माज तुम्ही कसा ओळखता, आणि भरवता कधी?

परवा दूध संकलन केंद्रावर चौघीजणी बोलत होतो. चौघींच्याही गोठ्यात एक तरी म्हैस अशी निघाली, जी व्यायल्याला पाच-सहा महिने झाले तरी माजावर आलेली कुणी पाहिलेली नाही. डॉक्टरांनी हात घालून तपासलं की म्हणतात, "पिशवी चांगली आहे, माज येतोय, तुम्हाला दिसत नाही." म्हणजे दिसत नाही ही अडचण आमची, म्हशीची नव्हे. म्हणून हा धागा. पुस्तकातली यादी सगळ्यांनी वाचलेली आहे, ती नको. तुमच्या गोठ्यात नेमकं काय दिसलं, किती वाजता दिसलं, आणि त्यानंतर किती तासांनी भरवलीत, तेवढं लिहा. मुऱ्हा, पंढरपुरी, जाफराबादी, गावठी, कोणतीही चालेल.
— मंगळवेढ्याची गौळण

माणदेशी दावण

आमच्याकडच्या एका मुऱ्हा म्हशीचं सविस्तर सांगतो, कारण त्यातूनच मला सगळं कळलं. तिसरं वेत, जूनमध्ये व्यायलेली, दूध भरपूर. सप्टेंबर संपला तरी माजाचं नाव नाही. पशुवैद्यकांनी तपासलं आणि सांगितलं की बीजांडावर पिवळा गोळा आहे, म्हणजे हिचं चक्र चालू आहे आणि माज साधारण आठ-दहा दिवसांत यायला हवा. इंजेक्शन द्यायला ते तयार होते. मी म्हटलं, आधी एकदा नजर ठेवून बघतो.

त्यांनी एकच गोष्ट बदलायला लावली, बघायची वेळ. आपण म्हशीकडे नीट बघतो ते धारेच्या वेळी, नाहीतर दुपारी वैरण टाकताना. म्हशीचा माज बहुतेक वेळा सुरू होतो रात्री उशिरा किंवा पहाटे, आणि ऊन चढलं की ती एकदम शांत. म्हणून रात्री झोपण्याआधी आणि पहाटे धारेच्या आधी, म्हैस बसलेली असताना बॅटरी घेऊन मागून बघायचं. बसलेली असताना, हे महत्त्वाचं. म्हशीचा सोट गाईसारखा लोंबत नाही. तो आतच साठतो आणि बसल्यावर पोटाच्या दाबानं थोडासा बाहेर येतो. उठली, शेपटी फिरली, शेणात बसली की संपलं.

१९ ऑक्टोबरच्या संध्याकाळच्या धारेला ती थोडं थोडं मुतत होती, दर पाच-दहा मिनिटांनी. पान्हा उशिरा सोडला. बाकी काही नाही, ओरडणं नाही, खाणंही जवळजवळ नेहमीचंच. रात्री बघितलं तर कोरडं. पहाटे पाचला बसल्या जागी मागे ओलसर डाग आणि त्यात स्वच्छ, ताणला तर तुटत नाही असा धागा. निरण सुजलेलं, नेहमीच्या सुरकुत्या गेलेल्या, आतून लालसर. २० तारखेच्या संध्याकाळी सहाला रेतन केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बघितलं, सोट गेलेला होता.

नंतर अठराव्या ते तेविसाव्या दिवसापर्यंत पुन्हा तसंच बॅटरी घेऊन बघितलं. काही दिसलं नाही, पण मुक्या माजाच्या म्हशीत "दिसलं नाही" म्हणजे गाभण असं धरता येत नाही. जानेवारीत तपासून घेतली तेव्हा खात्री झाली. म्हैस साधारण ३१० दिवसांनी विते, त्या हिशेबानं ऑगस्टचा शेवटचा आठवडा लिहून ठेवला.

प्रवरेकाठचा

मला एवढं अवघड वाटत नाही. आमच्याकडे वीस जनावरं आहेत. जी माजावर येते तिच्यावर बाकीच्या उड्या मारतात, ती उभी राहते, शेपटीवरून सोट लोंबतो. सकाळी दिसलं तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसलं तर सकाळी भरवायची, हा नियम पक्का. म्हैस काय नि गाय काय, मुक्त गोठा करा, आपोआप दिसेल.

निवृत्त पर्यवेक्षक, सांगली भाग

प्रवरेकाठचे, तुमची वीस जनावरं गाई असणार, बरोबर ना? सकाळ-संध्याकाळचा नियम म्हशीलाही लागू पडतो. पण उड्यांची वाट बघत बसलात तर म्हैस भाकडच राहील. म्हशी एकमेकींवर क्वचितच चढतात. मुक्त गोठ्याचा फायदा होतो, तो फिरताना आणि मुतताना दिसतं म्हणून.

माझी नोकरी म्हशींच्या मुलखात गेली, त्यातलं दोन-तीन गोष्टींपुरतं लिहितो.

फोन यायचा, "म्हैस रात्रीपासून ओरडतेय, लगेच या." लगेच जाऊन रेतन केलं की बऱ्याचदा उलटायची. कारण असं की म्हशीचा माज साधारण १२ ते २४ तास टिकतो, आणि बीज सुटतं ते माज संपल्यावर आणखी दहा-बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा. गोठवलेल्या रेतमात्रेतले शुक्रजंतू आत गेल्यावर फार काळ टिकत नाहीत. सुरुवातीलाच भरवलं तर बीज सुटेपर्यंत ते संपलेले असतात. म्हणून म्हशीत घाईपेक्षा थोडा उशीर बरा. माज कधी सुरू झाला ते माहीत असेल तर त्यापासून १२ ते १८ तासांनी. माहीत नसेल, आणि मुक्या माजात ते नसतंच, तर पहाटे दिसलेल्या म्हशीला त्याच संध्याकाळी.

दुसरं, सोटाचा रंग. स्वच्छ, पारदर्शक असेल तर भरवा. सोट कमी होऊन जरा घट्ट, धुरकट झाला तर माज सरत आला. पण त्यात पांढरे कण असतील, पू असेल किंवा वास येत असेल तर पिशवीला आजार आहे. ती म्हैस त्या माजाला भरवू नका, आधी उपचार. मी अशा वेळी मात्रा न भरता परत यायचो तेव्हा लोकांना राग यायचा.

तिसरं, बाहेर काहीच दिसत नसेल तर हात घातल्यावर कळतं. माजावरच्या म्हशीची पिशवी ताठ लागते आणि हलक्या हातानं चोळली की आतला सोट बाहेर येतो. म्हणून पर्यवेक्षकाला बोलवताना "माज आहे, भरा" असं न सांगता "संशय आहे, तपासा" असं सांगावं. काही म्हशी गाभण असतानाही माजाची लक्षणं दाखवतात. न तपासता नळी आत घातली तर गाभ जातो.

कोल्हापूरच्या वैनी

आमच्या सासूबाईंचं एकच लक्षण, दूध. धार कमी झाली, म्हैस दूध चोरायला लागली की त्या म्हणायच्या, "हिला माज हाय, रेड्याकडं न्या." चारातल्या तीन वेळा खरं निघायचं. मी तेच धरून चालते. दूध कमी म्हणजे माज, वेगळं काही बघायला लागत नाही.

माणदेशी दावण

वैनी, सासूबाई रोज स्वतः धार काढत असणार, त्यामुळे त्यांना बाकीचंही हाताला कळत असणार. सड नेहमीपेक्षा ताठ लागतात, म्हैस पाय बदलते, वगैरे. नुसतं दूध धरू नका. पेंड बदलली, माशा वाढल्या, रेडकू मेलं, तरी दूध कमी होतं. दूध कमी आणि थोडं थोडं मुतणं ही जोडी दिसली तर मात्र पहाटे बॅटरी घेऊन जाच.

कोल्हापूरच्या वैनी

मुतण्याकडं कधी लक्ष दिलं नव्हतं. बघते. पण दूध हे पहिलं लक्षण, हे मी सोडणार नाही.

गोरेगावचा तबेला

आमच्या मुंबईच्या तबेल्यांत हा प्रश्नच येत नाही. ताज्या व्यायलेल्या म्हशी आणायच्या, दूध आटलं की काढायच्या. भरवतं कोण! पण गावी भावाकडे चार पाठवल्यात. त्यातली एक दर तीन आठवड्यांनी व्यवस्थित माजावर येते, सगळी लक्षणं दाखवते, भरवतो, पुन्हा उलटते. तिला काय द्यावं?

निवृत्त पर्यवेक्षक, सांगली भाग

तुमच्या म्हशीचा माज मुका नाही, चांगला बोलका आहे. उलटणं हा वेगळा विषय, त्याचा वेगळा धागा काढा. इथे एवढंच विचारतो, भाऊ माज दिसल्यावर किती तासांनी भरवतो? ओरडायला लागल्याबरोबर भरवत असेल तर आधी ते बदलून बघा. तरीही उलटली तर सोट तपासून घ्या.

तलावाकाठची

आमच्याकडे म्हशी रोज तळ्यात डुंबायला जातात. बाहेर आल्या की सगळं धुतलेलं, सोट दिसणार कुठून? म्हणून सोडण्याआधी शेपटीचे केस बघते. रात्रीचा सोट वाळून केस खळ लावल्यासारखे चिकटलेले असतात, त्याला माती बसलेली असते. तेवढं दिसलं की ती म्हैस त्या दिवशी दावणीलाच. शेजाऱ्यांचा रेडा सकाळी वाटेनं जातो, तोही कामाला येतो. तिच्या मुतावर हुंगून ओठ वर करून उभा राहिला आणि पुढे जाईना, तर माझी शंका पक्की होते.

डुंबणं बंद मात्र करू नका. मे महिन्यात एका वर्षी तळं आटलं, म्हशी नुसत्या पत्र्याखाली होत्या. तेव्हा पावसाळ्यापर्यंत एकीचाही माज कळला नाही. आता उन्हाळ्यात तळं नसेल तर दुपारी दोनदा अंगावर पाणी मारतो आणि वैरण रात्री जास्त टाकतो. तरी दिवाळीपासून माघापर्यंत जेवढ्या फळतात, तेवढ्या चैत्र-वैशाखात नाहीच.

जतचा नवखा

इंजेक्शननं माज आणला तर हे रात्रीचं जागरण वाचेल ना? एका दुकानदारानं तसंच सांगितलं.

निवृत्त पर्यवेक्षक, सांगली भाग

दुकानदाराच्या सांगण्यावरून नको. पिवळा गोळा विरघळवणारं इंजेक्शन तो गोळा असेल तरच लागू पडतं, आणि म्हैस गाभण निघाली तर गाभ पाडतं. तपासून दिलं तर दोन ते पाच दिवसांत माज येतो, पण मुका असेल तर तेव्हाही मुकाच राहतो. ठरलेल्या वेळी भरवायच्या पद्धती आहेत, त्यात माज बघावा लागत नाही. मात्र सगळी इंजेक्शनं दिवस आणि तास पाळून द्यावी लागतात. हडकलेल्या, खनिज मिश्रण न मिळालेल्या म्हशीत पैसे वाया जातात. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

मंगळवेढ्याची गौळण

एक वाद राहिला. एकदा भरवायचं की दोनदा? आमच्याकडे दुसऱ्या मात्रेचे पैसे वेगळे लागतात.

माणदेशी दावण

वेळ नीट कळली असेल तर एकदाच पुरतं, माझं तेच मत.

तलावाकाठची

मी दोनदा भरवते. मुक्या माजात वेळ नीट कळते कुठे?

जतचा नवखा

आमची आज पहाटे दिसली, स्वच्छ सोट आहे. पर्यवेक्षक सहाला येतो म्हणाले. उद्या परत बोलवू का?

निवृत्त पर्यवेक्षक, सांगली भाग

आत्ताच ठरवू नका. उद्या पहाटे म्हैस उठायच्या आत बघा. सोट अजून स्वच्छ आणि ताणला जाणारा असेल तर माज चालू आहे, दुसरी मात्रा भरा. गेला असेल किंवा घट्ट झाला असेल तर पैसे वाचवा. आजची तारीख आणि वेळ गोठ्यातल्या कॅलेंडरवर लिहा, पुढचा अठरावा दिवसही. आणि सहाला ते आले की आधी तपासायला सांगा.