अनोळखी मदत कक्षाला पहिलं पत्र: मायना काय घालावा?

पोफळीची_वाडी (गुहागर): आमचं चार खोल्यांचं घरगुती निवास आहे. शनिवारपासून बुकिंग झाल्याचा मेल पाहुण्यांना जात नाहीये, पैसे मात्र जमा होतात. ज्यांच्याकडून बुकिंगचं पान घेतलंय त्यांच्या मदत कक्षाला मी ईमेल केला: "हाय, कोणी आहे का? एक विचारायचं होतं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं, "सांगा, काय अडचण आहे?" अख्खा दिवस गेला. आता नीट लिहायचंय. समोर बाई की पुरुष, एक की दहा जण, काही ठाऊक नाही. 'प्रिय मदत कक्ष' चालेल?

बंदरवाट: 'प्रिय' नको. मराठीत प्रिय म्हणजे खरंच जिव्हाळ्याचं माणूस. सरळ 'स. न. वि. वि.' लिहा, ते कुणालाही चालतं.

माजी_आवक_जावक (रत्नागिरी): 'प्रिय'बद्दल बरोबर. पण 'स. न. वि. वि.' म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. ते बरोबरीच्या, ओळखीच्या माणसाला. वडीलधाऱ्यांना 'सा. न. वि. वि.', तिथे साष्टांग. मायना निवडायला नातं ठाऊक लागतं आणि इथे नेमकं तेच ठाऊक नाही. 'महोदय/महोदया' सरकारी अर्जात शोभतं, पण मध्ये तिरकी रेघ आली की छापील फॉर्म वाटतो. नुसतं 'नमस्कार' घाला. त्याला लिंग नाही, वचन नाही, मान कमी-जास्त होत नाही. 'प्रति, मदत कक्ष' हा पत्ता झाला, मायना नव्हे. ईमेलमध्ये पत्ता वर असतोच.

बंदरवाट: पण लग्नपत्रिकेत, मंडळाच्या सूचनेत सगळीकडे 'स. न. वि. वि.'च असतं. ते काय ओळखीच्यांनाच जातं?

माजी_आवक_जावक: तो मुद्दा खरा आहे. वापर सैल झालाय.

हापूस_थेट (देवगड): पाहुण्यांना व्हॉट्सअॅपवर काय लिहायचं असं विचारताय ना? माझं ऐका. सीझनमध्ये मला नुसते 'हाय' येतात. कलमांत रेंज नाही, वर सड्यावर जावं लागतं. गेलो की 'हाय' वाचतो, 'नमस्कार, बोला' लिहितो, खाली येतो. संध्याकाळी परत वर गेलो की खाली लिहिलेलं असतं, "पाच डझनी पेटी कितीला?" हे पहिल्यांदाच विचारलं असतं तर एक खेप वाचली असती.

पोफळीची_वाडी: मी पाहुण्यांचं नाही विचारत, मदत कक्षाला मी लिहितेय. पण तुम्ही त्यांच्या जागी आहात, म्हणून उपयोग झाला.

माजी_आवक_जावक: देवगडकरांनी मर्म सांगितलं. चॅटमधलं 'हाय' म्हणजे बेड्याशी उभं राहून घातलेली हाक. आतून 'कोण?' येईपर्यंत माणूस थांबतो. मालवणी 'बरा असा मा?' पण तसंच, त्याला उत्तर यावं लागतं. पत्रातला नमस्कार उत्तरासाठी थांबत नाही. 'विनंती विशेष' हे त्यासाठीच होतं: नमस्कार झाला, आता खास सांगायचं ते सांगतो. म्हणून नमस्कारानंतरची ओळ 'पत्रास कारण की' अशी सुरू करून बघा. 'की' लिहिलं की पुढे कारण द्यावंच लागतं, "एक विचारायचं होतं" तिथे बसतच नाही. वाक्य जमलं की पाहिजे तर ते तीन शब्द खोडा.

पोफळीची_वाडी: असं?

> विषय: शनिवारपासून पाहुण्यांना बुकिंगचा मेल जात नाही
>
> नमस्कार,
> पत्रास कारण की, शनिवार सकाळपासून आमच्या पानावर झालेल्या तीन बुकिंगचे मेल पाहुण्यांना गेले नाहीत. पैसे तिन्ही वेळा जमा झाले. तिन्ही बुकिंग क्रमांक खाली दिले आहेत. मेल कुठे अडला, हे आपण कळवाल का?

माजी_आवक_जावक: उत्तम. 'आपण कळवाल का' यातही बाई-पुरुष कळत नाही, ते छान साधलंय. पोचेच्या मेलमध्ये विषयापुढे तक्रार क्रमांक येतो, तो खोडू नका. बऱ्याच ठिकाणी त्यावरूनच पुढची पत्रं एकत्र लावतात. विषय बदलून लिहिलं तर नवी तक्रार उघडू शकते आणि दुसराच माणूस पहिल्यापासून विचारत बसतो.

बंदरवाट: 'पत्रास कारण की' जरा शाळेतल्या निबंधासारखं नाही वाटत? मी तर खोडेन.

हापूस_थेट: मी ठेवेन. वाचणाऱ्याला कळतं की आता मुद्दा आला.

पोफळीची_वाडी: ठेवून पाठवलं. सकाळी पाठवलं, दुपारी उत्तर: मेल पाठवायची सोय त्यांच्याकडेच बंद पडली होती, चालू केली. उत्तराची सुरुवात 'नमस्कार मॅडम'. सही केली होती, त्यावरून ओळखलं. आता आभाराचं लिहायचंय. तेही पत्र धरून पुन्हा 'नमस्कार' घालू, की एवढं बोलणं झाल्यावर थेट 'मेल मिळाले, आभारी आहे'?

बंदरवाट: थेट.

माजी_आवक_जावक: मी नमस्कार घालीन. तुमचा मेल कदाचित दुसराच कुणी उघडेल.